आकडीसाठी नाकातला मिडाझोलम स्प्रे: किती पफ?

प्रश्न: मुलगी 12 किलोची आहे, तापात आकडी येते. डॉक्टरांनी मिडाझोलमचा स्प्रे दिलाय. किती पफ मारायचे? घोडबंदर रोडला राहतो, ट्रॅफिकची भीती वाटते.

उत्तर: आधी बाटलीवर एका पफमध्ये किती औषध आहे ते वाचा. घोळ इथेच होतो, कारण 0.5 मिलिग्रॅमचीही बाटली मिळते आणि 1.25 चीही. नेहमीचा डोस किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला 2.4. पहिल्या बाटलीचे 5 पफ, दुसरीचे 2, दोन्ही नाकपुड्यांत विभागून. 0.5 च्या जागी 1.25 ची बाटली आली आणि पफ तेवढेच ठेवले, तर डोस अडीचपट होतो. डॉक्टरांकडून पफचा आकडा लिहून घ्या आणि बाटलीलाच चिकटवा.

आकडी सुरू होताच घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर स्प्रे द्या आणि लगेच 108 लावा. नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून फवारा येतोय ना ते बघा. नाक शेंबडाने भरलं असेल तर पुसून घ्या, नाहीतर औषध आत शोषलंच जात नाही.

नंतर तिला कुशीवर झोपवा आणि छातीवरची नजर हलवू नका. या औषधाने श्वास मंदावू शकतो. ओठ निळसर दिसले किंवा श्वासात खंड पडला, तर 108 ला तसं स्पष्ट सांगा. दुसरा डोस स्वतःहून देऊ नका.