पेइंग गेस्टच्या जाहिरातीत आधी आकडे लिहा

ताई, 'प्रशस्त खोली, सर्व सोयी, भाडे भेटीअंती' वाचून फोन येतात, पण भाडं ऐकताच लोक फोन ठेवतात. पहिलीच ओळ अशी करा: 'आर्वीत मुलींसाठी खोली, दोघींत एक. जेवणासह प्रत्येकी ४,००० रुपये, अनामत ४,०००. महिनाभर आधी सांगून सोडल्यास अनामत परत.'

विजेचं मात्र नीट लिहा. आपल्याकडे मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो आणि भांडण बिलावरूनच होतं. सबमीटर असेल तर 'कूलरची वीज वेगळी, युनिटप्रमाणे' असं आधीच सांगा. नळ एक दिवसाआड येत असेल तर तेही लिहा, सोबत टाकी किती लिटरची ते.

फाटक रात्री ९ला बंद होतं, हा नियम लपवू नका. 'बसस्टँडजवळ' ऐवजी 'पायी ७ मिनिटं' लिहा, पण एकदा स्वतः चालून मोजा.