एक स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकाला खासगीत काय लिहावं?

प्रश्न: आमच्या बागेतला हापूस आम्ही थेट घरपोच विकतो. पुण्याच्या एका बाईंनी गूगलवर एक स्टार देऊन लिहिलंय, ‘फसवणूक. दोन डझनातले सात आंबे फेकले. कोणी घेऊ नका.’ नावावरून ऑर्डर कळली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू का? रिव्ह्यू काढायला सांगितलं तर चालेल?

उत्तर: जरूर लिहा, पण काढायला सांगू नका. आधी आंब्यांचा हिशेब मिटवा, रिव्ह्यूचं बोलणं त्यानंतर. आमच्या बागेच्या तक्रारी मीच बघते, आणि हा क्रम चुकला की पुढचं सगळं बिघडतं.

गूगलवर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला खासगी मेसेज पाठवायची सोय दुकानदाराला नाही. म्हणून तिथे आधी दोन ओळींचं जाहीर उत्तर द्या: ‘आंबे खराब निघाले हे वाचून वाईट वाटलं, आज तुमच्याशी बोलून भरपाई करतो.’ त्यात ऑर्डर नंबर, फोन, पत्ता काही नको. मग ऑर्डर त्यांचीच आहे याची खात्री करा. आंब्याच्या धंद्यात ही पायरी फार महत्त्वाची, कारण पुष्कळदा पैसे मुलगा अमेरिकेतून भरतो आणि पेटी पुण्यात आईकडे जाते. शंका असेल तर मेसेज करू नका, जाहीर उत्तरातच ‘कृपया आमच्या नंबरवर फोन करा’ एवढं लिहा.

पहिला मेसेज साधारण असा:

‘नमस्कार ताई. मी अमुक बागेतून लिहितेय. तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन डझनाचे तुम्ही १८०० रुपये दिलेत, म्हणजे फळाला ७५. सात फळांचे ५२५ आज परत करते, कोणत्या नंबरवर पाठवू? आंबे परत पाठवायची गरज नाही. कापलेल्या फळाचा फोटो असेल तर पाठवा, नसेल तरी पैसे मिळतीलच. काय बिघडलं ते मला बागेत शोधायचं आहे.’

रक्कम तुमच्या भावाप्रमाणे घाला, पण आकडा लिहाच. ‘काहीतरी करतो’ म्हटलं की माणूस आणखी चिडतो. बदली पेटीपेक्षा पैसे बरे, विशेषतः मेअखेर, कारण पुढच्या पेटीतही तोच दोष निघू शकतो.

फोटो आला तर नीट बघा. गरात पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग असेल तर तो साका. फळ बाहेरून सुंदर दिसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटणारच. झाडावर जास्त तयार झालेल्या आणि काढल्यावर तापल्या जमिनीवर, उन्हात राहिलेल्या फळात साका जास्त दिसतो. देठाकडून काळं पडत गेलं असेल तर देठकूज. मग झेल्याने काढताना देठ राखला होता का ते गड्यांना विचारा. सुरकुतलेलं, आंबट फळ म्हणजे कोवळं काढलेलं, किंवा पिकण्याआधी फ्रिजमध्ये गेलेलं. हे शेवटचं कारण खरं असलं तरी पहिल्या दिवशी सांगू नका, ‘चूक तुमचीच’ असं ऐकू येतं. पैसे दिल्यावर, पुढच्या वेळी आंबे गवतात कसे ठेवायचे ते सांगताना सहज सांगा.

पैसे पोचले, त्यांनी तसं कळवलं, की एक-दोन दिवसांनी दुसरा मेसेज:

‘ताई, फोटोवरून तो साका होता असं दिसतं. काढलेली फळं आता आम्ही लगेच सावलीत घेतो. तुम्ही लिहिलंत तो तुमचा अनुभव आहे, तसाच ठेवलात तरी चालेल. पुढे काय झालं तेही लिहावंसं वाटलं, तर रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून त्यात बदल करता येतो.’

सावलीचं वाक्य तुम्ही खरोखर तसं करायला लागला असाल तरच लिहा. ‘काढून टाका’ न म्हणता ‘भर घाला’ म्हणायचं कारण असं की ‘सात खराब निघाले, त्याच दिवशी पैसे परत मिळाले’ हे वाचून नवं गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतं.

पैसे आणि रिव्ह्यू मात्र एका वाक्यात कधीही आणू नका. रिव्ह्यू बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात पैसे, सवलत किंवा फुकट माल देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट त्याच रिव्ह्यूखाली चिकटू शकतो. कधी गिऱ्हाईकच म्हणतं, ‘पूर्ण १८०० द्या, मग काढते.’ तेव्हा सात फळांचेच पैसे द्या आणि शांतपणे लिहा की रिव्ह्यूचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्या मेसेजला उत्तर आलं नाही तर आठवण करू नका. आपलं जाहीर उत्तर बदलता येतं. रक्कम न लिहिता त्यात ‘खराब फळांचे पैसे परत केले आहेत’ एवढी ओळ घाला.