भाव वाढला, पण खप किती झाला?

प्रश्न: डिमांड-पुल आणि कॉस्ट-पुश महागाईत नेमका फरक काय? दिवाळीत भाव वाढतात ती कुठली आणि डिझेल महागल्यावर वाढतात ती कुठली? पुस्तकी व्याख्या नको.

नुसता भाव बघून हे कळत नाही, खपही बघावा लागतो. भाव चढला आणि तरी माल नेहमीपेक्षा जास्त गेला, तर गिऱ्हाइकांनी भाव वर ओढलाय. भाव चढला आणि माल कमी गेला, तर खर्चाने तो खालून ढकललाय. पहिली डिमांड-पुल, दुसरी कॉस्ट-पुश.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडू एरवीच्या कितीतरी पट भावाने जातो आणि तरी ढिगाऱ्यामागून ढिगारे संपतात. शेतकऱ्याचा खर्च त्या दिवशी वाढलेला नसतो, तो लागवडीपासूनच होऊन गेलेला असतो. वाढलेली असते ती मागणी, आणि झेंडू काही एका रात्रीत जास्त फुलत नाही. टीव्ही-मोबाइलला त्याच दिवसांत सूट मिळते, कारण कंपन्यांनी आधीच गोदामं भरून ठेवलेली असतात. म्हणजे सणाची गर्दी एकटी पुरत नाही. पुरवठा ताणता येत नसेल तिथेच भाव चढतो.

पण झेंडू महागला म्हणजे महागाई वाढली असं नाही. दसरा उलटला की तोच झेंडू कुणी उचलत नाही. शिवाय सरकारी महागाई दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, त्यामुळे सणाचा परिणाम बराचसा आपोआप वजा होतो. अधिक मास आला की मात्र थोडी गडबड होते: २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होतं, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ते नोव्हेंबरात गेलं. लोकांच्या हातातला पैसा सणापुरता न राहता वर्षभर मालापेक्षा वेगाने वाढत राहिला आणि कपड्यापासून घरभाड्यापर्यंत सगळंच चढू लागलं, की तिला डिमांड-पुल महागाई म्हणायचं.

आता डिझेल. माझं काम मालवाहतुकीच्या हिशेबाचं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. साडेचार महिने स्थिर ठेवलेले इंधनाचे दर २२ मार्च २०२२ पासून १६ दिवसांत १४ वेळा वाढले, लिटरमागे एकूण सुमारे १० रुपये. समजा दहा टन भाजीचा ट्रक नाशिकहून वाशीला जातो. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरू, लिटरला चार किलोमीटर. साधारण ८८ लिटर डिझेल लागलं, म्हणजे जादा खर्च ८८० रुपये. दहा हजार किलोवर तो वाटला तर किलोला नऊ पैसे!

तेव्हा ‘डिझेल वाढलं ना’ म्हणत कुणी टोमॅटो किलोमागे दहा रुपयांनी चढवला, तर कारण बहुधा दुसरं असतं: पाऊस, कमी आवक किंवा सरळ संधी साधणं. आवकेचा आकडा बघितला की उलगडा होतो. खडी-विटांसारख्या वजनदार, स्वस्त मालात गोष्ट वेगळी, कारण तिथे किमतीचा मोठा हिस्सा वाहतुकीचाच असतो आणि डिझेलचा चटका लगेच बसतो.

मग किलोला नऊ पैशांनी महागाई कशी येते? ते नऊ पैसे एकाच टप्प्यावर लागत नाहीत. नांगरणीचा ट्रॅक्टर, बाजारातून दुकानापर्यंतचा टेम्पो, प्लॅस्टिकचे क्रेट, सगळीकडे थोडं थोडं चढतं आणि ते एका वस्तूपुरतं राहत नाही. गिऱ्हाइकाचा पगार मात्र तेवढाच, म्हणून तो हात आखडतो आणि खप घटतो. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. त्यात युक्रेन युद्धाने महागलेलं खाद्यतेलही होतं, सगळं खापर डिझेलवर फोडू नये.

उपायही त्यामुळे वेगळे. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ ला रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. कर्ज महागलं की मागणी थंडावते, पण त्याने तेलाचा एक थेंबही जास्त येत नाही. खर्चाच्या बाजूचा उपाय केंद्राने २१ मे ला केला: उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी घटवलं.

कारण खर्चाचं असताना बँकेने व्याज का वाढवलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. खर्चाची वाढ पुढे पगारात आणि भाड्यात मुरू नये म्हणून. सीएनजी महागल्यावर मुंबईत १ ऑक्टोबर २०२२ पासून रिक्षाचं किमान भाडं २१ वरून २३ रुपये झालं. इंधन पुढे स्वस्त झालं तरी असं भाडं सहसा खाली येत नाही.