भाताच्या खोडाचा छेद द्विदलसारखा दिसतो, मग तक्ता चुकीचा का?

प्रश्न: «मी अकरावी सायन्सला आहे, गाव गुहागरजवळ. एकदल-द्विदल मूळ, खोड, पान असा तक्ता करून पाठ केला. पण आमच्या मळ्यातल्या भाताचं खोड कापून बघितलं तर बंडल कड्यात आणि मधे पोकळ. तक्त्यात एकदल म्हणजे विखुरलेले. स्पॉटिंगला नेमकं काय बघायचं? कोणी नीट सांगेल का?»

---

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. भाताच्या खोडाचा हाच छेद आमच्या वर्गाला पुरता नडला होता.

आमच्या ज्युनियर कॉलेजात (नाव घेत नाही) नोट्सच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. त्यात एकच ओळ ठळक केलेली: एकदल म्हणजे बंडल विखुरलेले, द्विदल म्हणजे कड्यात. ही गोष्ट फक्त खोडाची आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लॅब प्रॅक्टिकलच्या दिवसाव्यतिरिक्त उघडत नसे. मायक्रोस्कोप मागितला की 'परीक्षेला बघा' हे उत्तर मिळायचं. परीक्षेला भाताच्या खोडाची स्लाइड आली, जवळजवळ सगळ्यांनी द्विदल खोड लिहिलं आणि मार्क गेले. नंतर का चुकलं हेही कोणी सांगितलं नाही. ते मला पुढे बी.एस्सी.ला स्वतः सेक्शन कापताना उमगलं. अजून राग येतो, कारण एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट होती.

ते वाक्य असं: आधी अवयव ओळखायचा, मग एकदल की द्विदल ते ठरवायचं. उलट केलंस तर तक्ता दगा देणारच. एकदल मुळातसुद्धा झायलेम आणि फ्लोएमचे गट कड्यातच असतात. म्हणजे 'विखुरलेले' हा निकष मुळाला लावताच येत नाही.

अवयव ओळखायला सगळ्यांत बारीक झायलेम वाहिन्या, म्हणजे प्रोटोझायलेम, कुठे आहे ते शोध. मुळात त्या बाहेरच्या बाजूला असतात, खोडात आतल्या बाजूला. शिवाय मुळात झायलेम आणि फ्लोएम वेगवेगळ्या त्रिज्यांवर, एकाआड एक बसतात. खोडात ते एकाच बंडलमध्ये एकाच त्रिज्येवर असतात, फ्लोएम बाहेर आणि झायलेम आत. एवढं दिसलं की अवयव पक्का झाला.

आता तुझा भात. एकदल खोडाचं पुस्तकी चित्र मक्याचं असतं, भरीव खोडाचं. भाताचं पेर पोकळ असतं, त्यामुळे बंडलना विखरायला मधे जागाच नाही. ते दोन कड्यांत बसतात: बाहेरचे लहान, कडक स्क्लेरेंकायमाच्या पट्ट्याला लागून, आणि आतले मोठे, मऊ पॅरेंकायमात. एकच कडं दिसलं असेल तर बाहेरचं लहान कडं नजरेतून सुटलंय. हाय पॉवरवर कडेची बाजू पुन्हा बघ.

मग कड्यांकडे दुर्लक्ष कर आणि आतल्या कड्यातलं एकच बंडल मोठं करून बघ. दोन मोठ्या वाहिन्या शेजारी शेजारी दिसतील, त्यांच्या आतल्या बाजूला एक पोकळी, बाहेरच्या बाजूला फ्लोएम आणि सगळ्याभोवती जाड भिंतींच्या पेशींचं आवरण. मक्याच्या बंडलमध्येही हेच असतं. ती पोकळी प्रोटोझायलेमच्या वाहिन्या ताणून फाटल्यामुळे तयार होते. महत्त्वाचं म्हणजे झायलेम-फ्लोएमच्या मधे कॅम्बियम नाही. बंडल बंद, म्हणून एकदल.

तुलनेला झेंडूचं कोवळं खोड घे, दसऱ्याच्या आसपास कुठेही मिळेल. बंडल एका कड्यात, प्रत्येकात झायलेम आणि फ्लोएमच्या मधे चपट्या, विटांसारख्या रचलेल्या पेशींच्या ओळी म्हणजे कॅम्बियम, आणि मध्यभागी भरपूर पिथ. भाताच्या बंडलभोवतीचं पूर्ण आवरण इथे नाही, फ्लोएमच्या डोक्यावर फक्त जाड भिंतींच्या पेशींची टोपी आहे. हे दोन सेक्शन शेजारी ठेवून काढलेली आकृती तक्त्याच्या दहा ओळींपेक्षा जास्त कामाची, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट तपासून घे: तू कापलंस ते खोडच होतं ना? लावणीनंतर बरेच दिवस भाताचं जे 'खोड' दिसतं ते एकात एक गुंडाळलेले पानांचे आवरणी देठ असतात. खरं खोड तळाशी अगदी आखूड असतं. पोटरी धरायला लागली की पेरं लांबतात. आधी कापलंस तर छेदात एकात एक कमानी दिसतात, मधे मधे फट असते आणि कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. केळ आणि हळदीचंही हेच, त्यांच्या 'खोडा'चा छेद एकदल खोड म्हणून आकृतीत काढू नकोस. लोंबी बाहेर आल्यावर बाहेरची सगळी आवरणं सोलून काढ आणि पेराच्या मधोमध काप, गाठीजवळ नको. गाठ भरीव असते आणि तिथे बंडल वेडेवाकडे जातात.

मुळाबद्दल थोडक्यात. झायलेमचे गट मोज: द्विदलात साधारण २ ते ६, एकदलात बहुतेक वेळा त्याहून जास्त. द्विदल मुळात पिथ नसतो किंवा नावालाच असतो. भाताचं मूळ घेतलंस तर कॉर्टेक्समध्ये मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या दिसतील, त्यांना वाहिन्या समजू नकोस. पाण्यात उभ्या राहणाऱ्या पिकाची ती सोय आहे. वाहिन्या एंडोडर्मिसच्या आत असतात आणि सॅफ्रानिनने लाल होतात, पोकळीला रंगच लागत नाही. रंग एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नकोस, नाहीतर सगळंच लाल. मग पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेव. कोवळा तुकडा हातात धरता येत नसेल तर गाजराला चीर देऊन त्यात घट्ट बसव आणि दोन्ही एकत्र काप.

पानात झायलेम नेहमी वरच्या पृष्ठाकडे असतं, त्यावरून पान उलटं ठेवलंय का ते कळतं. वरच्या बाजूला पॅलिसेड आणि खाली स्पंजी असे दोन स्पष्ट थर म्हणजे द्विदल. भाताच्या पानात हे थर वेगळे दिसत नाहीत, पर्णरंध्रं दोन्ही बाजूंना असतात आणि वरच्या एपिडर्मिसमध्ये शिरांच्या मधे फुगलेल्या बुलिफॉर्म पेशींचे गट दिसतात. पाणी कमी पडलं की भाताचं पान गुंडाळतं त्यात यांचा हात असतो.

उलटा अपवादही वाडीतच आहे. मिरीच्या वेलाचं खोड काप. पुस्तकं त्याला द्विदलांत धरतात, पण बाहेरच्या कड्याच्या आत पिथमध्येही बंडल असतात आणि पहिल्या नजरेला 'विखुरलेले' वाटतात. लाल माठाच्या खोडातही आत बंडल सापडतात.

बोर्ड काय मार्क देतं याबद्दल मी ठाम सांगणार नाही, पद्धत बदलत असते, तुझ्या मॅडमना विचार. पण कारणासाठी जागा दिली असेल तर 'विखुरलेले' किंवा 'कड्यात' एवढ्यावर थांबू नकोस. भातासाठी मी असं लिहीन: 'बंडलमध्ये झायलेम-फ्लोएम एकाच त्रिज्येवर, प्रोटोझायलेम आत, म्हणून खोड, बंडल बंद, आवरणयुक्त, प्रोटोझायलेमची पोकळी, म्हणून एकदल.'