लग्नाचं फुटेज चार मिनिटांत बसवताना आधी शेवट शोधा

प्रश्न: बहिणीच्या लग्नाचं साडेनऊ तासांचं फुटेज आहे. गाणं लावून चार मिनिटांची हायलाइट फिल्म कापली, शॉट सगळे छान आहेत, पण नुसता फोटोंचा स्लाइड-शो वाटतोय. सुरुवात, मध्य, शेवट असं काही बसवायचं कसं?

उत्तर: गाणं आधी टाइमलाइनवर टाकलंत, तिथेच घोळ झाला. ठेक्यावर कापत गेलं की सगळ्या शॉटचं वजन सारखं होतं. मेंदी, हार, जोडवी, आजीचे डोळे, सगळं दोन-दोन सेकंद. मी पुण्यात लग्नांचंच एडिटिंग करतो आणि गाण्याची फाइल सगळ्यात शेवटी उघडतो. आधी शोधतो ते फिल्मचं शेवटचं वाक्य. कुणीतरी खरोखर बोललेलं.

नाशिकच्या एका लग्नाचं सांगतो. दोन कॅमेरे, अकरा तासांच्या वर फुटेज, शिवाय नवरदेवाच्या उपरण्याआड छोटा माइक आणि कमरेला खोचलेला रेकॉर्डर. पहिला दिवस मी फक्त रेकॉर्डरचा आवाज ऐकण्यात घालवला. विधी संपल्यावर तो बंद करायचा राहून गेला होता. पंगतीचा गलका, ताटांचा खणखणाट, आणि मध्येच मुलीचे वडील हळू आवाजात जावयाला सांगतात, "ती सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नाही हो. रागावली असं समजू नका." जावई म्हणतो, "बरं, बाबा."

पाठवणीचं वीस मिनिटांचं फुटेज होतं, त्यात सगळे रडत होते. तरी मी शेवट या वाक्यावर केला. पाठवणीला बँड वाजत असतो, कॅमेरा गर्दीत धक्के खात असतो आणि परक्या माणसाला नुसतं रडणं दाखवून काही होत नाही. वडिलांच्या त्या दोन वाक्यांत मात्र पंचवीस वर्षांचा सहवास होता. (ते कॅमेऱ्यासाठी बोललेले नव्हते, म्हणून वापरण्याआधी त्यांना ऐकवून विचारलं. तुम्हीही विचारा, घरचं लग्न असलं तरी.)

शेवट हाती लागला की सुरुवात आपोआप सापडते, कारण आता काय पेरायचं ते कळलेलं असतं. मी पहाटेचं फुटेज परत उघडलं. पहिल्या चाळणीत एक क्लिप मी फेकून दिली होती: साडेपाचची वेळ, नवरी केस मोकळे सोडून चहाचा कप धरून बसलीय, मावशी विचारतेय, "चुडा आत्ताच भरायचा का?" उत्तर नाही. "अगं, विचारतेय मी!" तरी नाही. पिवळट ट्यूबलाइट, मागे उघड्या बॅगा. दिसायला अगदी सामान्य शॉट, पण तीच माझी पहिली चाळीस सेकंदं झाली. बघणारा हसतो आणि विसरून जातो. साडेतीन मिनिटांनी वडील बोलतात तेव्हा त्याला ती सकाळ आठवते.

मध्यभागाला एकच प्रसंग निवडा आणि त्याला भरपूर वेळ द्या. आपल्याकडे तो बहुधा अंतरपाटाचा असतो, कारण त्यात ताण आयताच आहे: दोघं समोरासमोर, मध्ये कापड, आणि कापड कधी सरकणार याची सगळा मांडव वाट बघतोय. चारपैकी दीड मिनिट मी त्यालाच दिलं. हळद, सीमांतपूजन, नटणं-मुरडणं मिळून पस्तीस सेकंदांत उरकलं.

मंगलाष्टका सहज पंधरा-वीस मिनिटं चालतात, आणि प्रत्येक कडवं वेगळी आत्या किंवा काका वेगळ्या पट्टीत म्हणतात. कडव्याच्या मध्ये कात्री लावली की सूर उडी मारतो आणि कान लगेच पकडतो. म्हणून कट फक्त "सावधान" नंतर घ्या. तिथे माणूस श्वास घेतो, अक्षता पडतात, थोडा गलका होतो, आणि त्या गलक्यात पुढच्या कडव्याचा जोड लपतो. मी पहिलं कडवं, मधलं एक आणि शेवटचं, एवढीच ठेवली. या मुलीची आई रीतीप्रमाणे मंगलाष्टकांच्या वेळी समोर नव्हती, बाहेर तुळशीपाशी उभी होती. दुसऱ्या कॅमेऱ्याने तिला टिपलं होतं. आवाज मांडवातला चालू ठेवून चित्र मी तिच्यावर नेलं. आठ सेकंद. ती तुळशीला पाणी घालतेय, आतून कुणाचा तरी आवाज येतोय, ती तांब्या खाली ठेवते. मग थेट अंतरपाट.

स्लो मोशन अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच वापरलं, अंतरपाट सरकल्यावर उडणाऱ्या अक्षतांवर. तो शॉट ५० फ्रेमने घेतलेला होता, २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने नीट चालतो. २५ नेच घेतलेला शॉट निम्मा केलात तर अक्षता हवेत थांबत थांबत, झटके देत पडतात. तसा असेल तर मूळ वेगातच राहू द्या.

आता संगीत. बोल नसलेलं घ्या, कारण गाण्याचे शब्द आणि माणसांचे शब्द एकमेकांना खातात. शिवाय सिनेमाचं गाणं घातलंत तर अपलोड केल्यावर व्हिडिओ मूक होण्याची किंवा अडकण्याची भीती असते, म्हणून परवाना मिळणारी धून शोधा. धून मध्येच फेड करून संपवू नका. तिचा खरा शेवट फिल्मच्या शेवटाला लावा, सुरुवात सुरुवातीला, आणि मधला जोड ताशा-सनईच्या आवाजाखाली लपवा. बोलण्याखाली संगीत साधारण १२ ते १५ डेसिबल खाली घ्या. अंतरपाट सरकण्याआधीचे दोन सेकंद मी ते पूर्ण बंद केलं. हॉलच्या पंख्यांची घरघर असेल तर बोलण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, बरीच कमी होते. आणि पाहुण्यांच्या मोबाइलवरचं फुटेज घेणार असाल तर आधी ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात.

पहिला कट सात मिनिटांचा झाला होता. त्यातून ड्रोनचे सगळे शॉट गेले, एक सोडून. दागिन्यांचे गेले. मित्रांचा नाच गेला, आणि तो खरंच धमाल होता. निकष एकच लावला: हा शॉट काढला तर वडिलांचं वाक्य कमी लागेल का? नसेल तर बाहेर.

तपासायला स्क्रीन बंद करून नुसतं ऐका. काय चाललंय ते आवाजावरून कळत नसेल तर तुमच्याकडे अजून स्लाइड-शोच आहे. मग लग्नाला न आलेल्या एखाद्याला दाखवा आणि फिल्मकडे न बघता त्याच्याकडे बघा. तो कुठे मोबाइल उचलतो ती वेळ लिहून ठेवा. माझ्याकडे दोनदा २:५० च्या आसपास, म्हणजे लाजाहोमापाशी, असं झालं. तो अर्धा केला.

"मोठ्या आत्या दिसल्याच नाहीत" हे ऐकावं लागणारच. त्यासाठी दोन तासांचा लांब व्हिडिओ वेगळा द्या, आणि कापायला बसण्याआधी घरच्यांकडून नक्की दिसायलाच हव्यात अशा पाच जणांची नावं घ्या. त्यांना मंगलाष्टकांच्या वेळी ऐकणाऱ्या चेहऱ्यांत बसवा, तिथे ते ठिगळ वाटत नाहीत.

त्या फिल्ममध्ये "बरं, बाबा" नंतर मी जावयाच्या चेहऱ्यावर सहा सेकंद थांबलो, मग काळा पडदा. घरच्यांना शेवटी नावांची आणि तारखेची पाटी हवी होती. ती दिली, पण काळ्यावर पूर्ण तीन सेकंद शांतता गेल्यानंतर.