गच्चीच्या कठड्यावरच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या जॉइंटमध्ये सिलिकॉन भरावं, पीयू की एमएस पॉलिमर? जास्त टिकतं कोणतं?

जुनं सीलंट काढणार असाल, तर आधी ते कुठे तुटलंय ते बघा. कडेने सुटलं असेल तर पकड गेलेली आहे. मधोमध फाटलं असेल आणि दोन्ही कडा अजून घट्ट असतील, तर माल चिकटला होता, पण जॉइंटची हालचाल त्याला झेपली नाही. हे न बघता नवा माल ठरवणाऱ्या माणसाला मी गच्चीवर चढू देत नाही.

पुण्यातल्या एका सोसायटीचं काम सांगतो. कठड्यावर गडद करड्या पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियम कोपिंग, म्हणजे कठडा वरून झाकणारा पत्रा, तीन-तीन मीटरचे तुकडे, दोन तुकड्यांत 6 मिमीची फट आणि त्यात पीयू. दुसऱ्या हिवाळ्यात प्रत्येक जॉइंट मधून फाटला आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल उतरली. रंगकामाच्या ठेकेदाराने कमिटीला सांगितलं, ‘पीयू हलकंच असतं, त्याच फटीत महागातलं सिलिकॉन भरू, वीस वर्षं बघायला नको.’ मी भर मीटिंगमध्ये म्हटलं की याने काहीही होणार नाही. कमिटीला वाटलं, मी माझा रेट काढतोय.

हिशोब साधा आहे. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला 0.024 मिमी वाढतं. मे महिन्याच्या दुपारी गडद पत्रा 70 अंशांपर्यंत तापतो आणि थंडीच्या पहाटे 10 अंशांवर येतो. तीन मीटर, 60 अंशांचा फरक, म्हणजे 4.3 मिमी. जॉइंट भरला होता भर दुपारी, पत्रा पूर्ण फुगलेला असताना. त्यामुळे थंडीत ती सगळी हालचाल ताण म्हणूनच आली आणि 6 मिमीची फट 10.3 झाली. वाढ 70 टक्क्यांच्या वर! ते पीयू होतं 25 टक्क्यांचं, म्हणजे फटीच्या रुंदीच्या 25 टक्के हालचाल झेपणारं. ठेकेदाराचं सिलिकॉन 50 टक्क्यांचं. त्या फटीत तेही फाटलंच असतं.

शेवटी आम्ही तुकड्यांची टोकं कापून फट 12 मिमी केली. आता तीच हालचाल 36 टक्के झाली. इथे मात्र मी स्वतःच न्यूट्रल सिलिकॉन घेतलं, 50 टक्क्यांचं, कारण 25 टक्क्यांच्या पीयूला किंवा एमएसला 17 मिमीची फट लागली असती आणि उघड्या उन्हात पीयूचा पृष्ठभाग भुकटी होऊन तडकतो. फटीखालच्या जोडपट्टीवर आधी बाँड ब्रेकर टेप लावली. तळालाही चिकटलेलं सीलंट मोकळेपणी ताणत नाही, कडेला किंवा मधे फाटतं. जाडी ठेवली रुंदीच्या निम्मी, 6 मिमी. आणि भरलं सकाळी, पत्रा ना गार ना तापलेला असताना. ठेकेदार आजही सांगत फिरतो की सिलिकॉनने काम वाचलं. काम वाचलं ते कापलेल्या टोकांमुळे.

त्याच इमारतीच्या प्लास्टरच्या भिंतीवर, खिडक्यांच्या कडेला, मी एमएस पॉलिमर भरलं. तिथे हालचाल कमी आणि वर रंग द्यायचा होता. सिलिकॉनवर रंग बसत नाही, सोलून येतो. पीयूही चाललं असतं, काँक्रीटला त्याची पकड उत्तम असते, पण दमट हवेत आणि ओलसर भिंतीवर त्यात बुडबुडे धरतात. एमएसला तो त्रास नाही आणि बऱ्याच पृष्ठभागांवर ते प्रायमरशिवाय धरतं. ‘बऱ्याच’ म्हणतोय, सगळ्या नाही.

काचवाल्याकडचं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन मात्र प्लास्टरला लावूच नका. त्यातलं आम्ल सिमेंटशी भांडतं आणि पकड बसतच नाही. दगडी क्लॅडिंग असेल तर न्यूट्रल सिलिकॉनसुद्धा आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून बघा, काहींचं तेल दगडात उतरून कायमचा डाग पडतो.

25 किंवा 50 हा आकडा डेटाशीटवर असतो, नावावरून तो ठरत नाही. 50 टक्क्यांचं एमएसही मिळतं. पकडीची खात्री मात्र कागदावर होत नाही. एखादा जॉइंट भरून दोन-तीन आठवडे पूर्ण वाळू द्या, मग पट्टीचं एक टोक कापून हाताने ओढा. पट्टी ताणून तुटली तर ठीक, कडेने सरळ सुटून आली तर प्रायमर लागेल. आणि फटीत आधीचं सिलिकॉन असेल तर कडा घासून मूळ पृष्ठभाग उघडा करा, कारण त्याच्या अंशावर पीयू किंवा एमएस धरत नाही.