चौथ्या कोपऱ्यातला छोटा चौकोन

प्रश्न: पैसे द्यायचा क्यूआर कोड तिरका धरला तरी फोनला कळतो कसा? आणि खानापुरात आमच्या वाण्याचा कोड अगदी समोर उभं राहिलं तरच वाचतो, बाजूने वाचतच नाही, असं का?

उत्तर:

आधी वाण्याच्या कोडचा एक कोपरा नीट बघा. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौथ्यात नसतो. त्या चौथ्या कोपऱ्याच्या जरा आत एक छोटा चौकोन असतो: काळी चौकट, आत पांढरी, मधोमध काळा ठिपका. तो टेपखाली गेलाय किंवा घासून पुसट झालाय, असा माझा दाट संशय आहे. का ते सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांतल्या मालावरचे कोड वाचणारे कॅमेरे बसवायचं माझं काम आहे, त्यामुळे हा कोपरा रोज डोळ्यांसमोर असतो.

चित्र हातात आलं की फोन आधी प्रत्येक ठिकाण काळं की पांढरं ते ठरवतो. हे तो तुकड्यातुकड्याने करतो, म्हणजे अर्ध्या कोडवर तुमच्या हाताची सावली पडली तरी तेवढा भाग सरसकट काळा होत नाही. मग आडव्या ओळी चाळत जातो आणि काळं-पांढरं किती लांब आहे ते मोजतो. मोठ्या चौकोनाच्या मधून ओळ गेली तर काळं १, पांढरं १, काळं ३, पांढरं १, काळं १ असं प्रमाण मिळतं. फोन शोधतो ते हे प्रमाण. चौकोनाचा आकार तो बघतच नाही.

तिरकेपणाचं अर्धं उत्तर इथेच आहे. कोड ६० अंशांत कलला तर त्याची एक बाजू दिसायला निम्मी होते. पण पाचही पट्टे सारखेच आकसतात, म्हणून प्रमाण तेच राहतं. कोड गोल फिरवला तरी तेच, कारण केंद्रातून कुठल्याही दिशेने रेघ काढा, १:१:३:१:१ मिळतंच. लांबचा पट्टा जवळच्यापेक्षा किंचित बारीक दिसतो खरा, पण चौकोन एवढा लहान असतो की तो फरक ठरवलेल्या सवलतीत बसून जातो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने क्यूआर कोड तयार केला, तेव्हा त्यांनी भरपूर छापील मजकूर तपासून त्यात क्वचितच सापडणारं प्रमाण म्हणून हे निवडलं. आपल्याकडच्या पाट्यांवर ते किती कामाचं आहे बघा. कन्नडमधलं ठ हे अक्षर म्हणजे गोलात ठिपका, दिसायला या चौकोनाचा चुलतभाऊच. पण त्यातला ठिपका बारीक असतो, मधला काळा पट्टा तिप्पट भरत नाही, म्हणून फोन ते सोडून देतो. चुकून एखादी जागा आडव्या ओळीत जुळलीच, तर तिथेच उभी ओळ मोजून पुन्हा खात्री केली जाते.

असे तीन चौकोन मिळाले की त्यांच्यातली अंतरं मोजायची. ज्या दोघांत सर्वांत जास्त अंतर, ते कर्णाची टोकं. उरलेला तो डावा-वरचा कोपरा. कोड उलटा असो की आडवा, दिशा कळली.

आता खरी अडचण. सरळ समोरून बघितलं तर तीन कोपऱ्यांवरून चौथा काढता येतो, कारण समोरासमोरच्या बाजू समांतर असतात. तिरकं बघितलं की लांबची बाजू आखूड आणि जवळची लांब दिसते, समांतरपणा जातो. मग तीन बिंदू पुरत नाहीत, चौथा लागतोच.

आकड्यांत बघू. कोडमधल्या प्रत्येक बारीक काळ्या किंवा पांढऱ्या चौकटीला घर म्हणू. समजा कोड ३७ घरं रुंद आणि ३७ उंच आहे. मोठ्या चौकोनांच्या केंद्रांमध्ये ३० घरांचं अंतर पडतं. कोड काउंटरवर आडवा आहे, तुम्ही फोन कलता धरलाय, आणि चित्रात डावं-वरचं केंद्र (३००, २००) वर, उजवं-वरचं (५४०, २००) वर, डावं-खालचं (२७०, ४४०) वर आलं. वरचं अंतर २४० पिक्सेल, म्हणजे एक घर ८ पिक्सेलचं. बाजू समांतर धरल्या तर चौथा बिंदू (५१०, ४४०) वर निघतो. पण खालची बाजू जवळ असल्यामुळे तिथलं घर १० पिक्सेलचं आहे, आणि खरा बिंदू आहे (५७०, ४४०) वर. चूक ६० पिक्सेलची, म्हणजे तब्बल सहा घरं! तीन कोपऱ्यांजवळ जाळी बरोबर बसते आणि चौथ्याकडे जाताना सरकत जाते.

म्हणून छोटा चौकोन. तो नेमका कुठल्या घरात असतो ते ठरलेलं आहे. वरच्या उदाहरणात समांतर धरून फोनला तो (४८९, ४१६) च्या आसपास वाटतो, प्रत्यक्षात तो (५३७, ४११) जवळ असतो. कोड वाचणाऱ्या झेडएक्सिंग या खुल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत शोध असा चालतो: अंदाजाच्या चहूबाजूंनी आधी चार घरं, मग आठ, मग सोळा. इथे चार घरं म्हणजे ३२ पिक्सेल, तेवढ्यात सापडत नाही. आठ घरांत, म्हणजे ६४ पिक्सेलमध्ये, सापडतो. चार बिंदू हातात आले की तिरका चौकोन सरळ करायचं गणित सुटतं, आणि प्रत्येक घराचं केंद्र चित्रात कुठे आहे ते कळतं.

तो सापडलाच नाही तर बाजू समांतर धरूनच वाचायचा प्रयत्न होतो. समोरून ते चालून जातं, म्हणूनच तुमच्या वाण्याचा कोड समोरून वाचतो. बाजूने मात्र बहुतेक घरं चुकीच्या जागी वाचली जातात. कोडमध्ये चुका भरून काढायची सोय असते, मध्यम पातळीला सुमारे १५ टक्के, पण एवढी सरकलेली जाळी तिच्या आवाक्याबाहेर जाते. त्यात `upi://pay?pa=` या मजकुराची सुरुवातही याच कोपऱ्यातून भरलेली असते. काही ॲप मोठ्या चौकोनांच्या कडांवरूनही कल ओळखतात, म्हणून एकाच कोडवर एक फोन अडतो आणि दुसरा अडत नाही.

माझाच तर्क बरोबर असेल असं नाही, पण ओळखायला सोपं आहे. समोरून हमखास वाचतो आणि बाजूने कधीच नाही, तर छोटा चौकोन तपासा. फोन किंचित हलवला की वाचतो, तर लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चमक एखाद्या मोठ्या चौकोनावर पडतेय. आणि कुठूनच वाचत नसेल, तर मोठ्या चौकोनांपैकी एक फाटलाय, किंवा कोडभोवती चार घरांएवढी पांढरी मोकळी जागा असायला हवी ती कापली गेलीय. कोड गोल बरणीवर चिकटवलेला असेल तर मात्र चारही बिंदू मिळून उपयोग होत नाही, कारण हे सगळं गणित सपाट पृष्ठभागाचं आहे.

वाण्याला सांगा, त्या कोपऱ्यावरची टेप काढून कडेच्या पांढऱ्या जागेच्या बाहेर लावा. चौकोन घासलेला असेल तर पेनने गिरवू नका, नवा कोड छापून घ्या.